वर्गातले टॅब, परीक्षा आणि पालकांना पाठवलेली दुसरी चिठ्ठी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलातलं प्रकरण आहे हे, शाळेचं नाव लिहीत नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही. मी तिथे कॉम्प्युटर शिकवतो. सातवीच्या वर्गाच्या टीचरनी पालकांना एक साधी चिठ्ठी पाठवली की परीक्षेआधी वर्गातले टॅब रिकामे करणार आहोत, आणि पुढच्या दोन दिवसांत जो गोंधळ झाला तो निस्तरता निस्तरता ती चिठ्ठी पुन्हा लिहायला लागली. दुसरी चिठ्ठी खाली पूर्ण देतोय, पण आधी काय झालं ते सांगतो, नाहीतर तिच्यातली प्रत्येक ओळ तिथे का आहे ते कळणार नाही.

वर्गात मुलं ३६ आणि टॅब १२, म्हणजे एका टॅबवर तिघांचा एक ग्रुप. टॅब अँड्रॉइडचे, आणि बाराही टॅबवर वर्गासाठी काढलेलं एकच गूगल अकाउंट. हे असंच बऱ्याच शाळांत असतं कारण ३६ अकाउंट काढायची, ३६ पासवर्ड सांभाळायचे, ते विसरणारी मुलं सांभाळायची, एवढा वेळ कोणाकडे आहे. शिकवताना सोयीचं पडतं पण. कुठलाही टॅब उचला, सगळ्यांचे फोटो त्यात दिसतात.

चतुर्थीच्या आधी टीचरनी मुलांना माटोळीचा प्रोजेक्ट दिला होता. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, बांधतात ती फळं मुलांनी वर्गात आणायची, आंबाडे, तोरिंग, चिबूड, कवंडळ, घागऱ्या, शेरवड, जे मिळेल ते, त्याचे फोटो काढायचे, ते झाड कुठे आणि कधी सापडतं ते लिहायचं, आणि घरातल्या किंवा वाड्यावरच्या एखाद्या आजीला वर्गात बोलावून तिच्याकडून नावं आणि माहिती रेकॉर्ड करायची. प्रोजेक्ट झकास झाला, इंटर्नल असेसमेंटचे १० मार्क त्याला होते. आता हे काम टॅबमध्ये नेमकं कुठे होतं ते बघा, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये, म्हणजे DCIM/Camera मध्ये, आणि बॅकअप चालू असल्यामुळे त्यांची कॉपी गूगल फोटोजमध्ये अकाउंटवर. लिहिलेली माहिती गूगल डॉक्समध्ये, म्हणजे टॅबमध्ये नाहीच, ड्राइव्हवर. चित्रं एका ड्रॉइंगच्या अ‍ॅपमध्ये, ती त्या अ‍ॅपच्या पोटात, बाहेर गॅलरीत दिसत नाहीत, एक्स्पोर्ट केल्याशिवाय बाहेर येतच नाहीत. आणि आज्यांची रेकॉर्डिंगं व्हॉइस रेकॉर्डरमध्ये, फक्त त्याच टॅबवर, कारण गूगल फोटोज फोटो आणि व्हिडिओचा बॅकअप घेतं, ऑडिओचा नाही. म्हणजे चार कामं, चार जागा, आणि प्रत्येक जागेचा डिलीटचा नियम वेगळा. मुलांना आणि पालकांना मात्र हे सगळं म्हणजे 'टॅबमधलं काम'.

पहिल्या सत्राच्या परीक्षेत कॉम्प्युटरचा आणि विज्ञानाच्या थोड्या भागाचा एमसीक्यू पेपर टॅबवर होणार होता, गूगल फॉर्मवर, १२-१२ च्या तीन बॅचेसमध्ये. म्हणून टीचरनी गुरुवारी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर टाकलं:

"सर्व पालकांना कळविण्यात येते की पुढील सोमवारपासून टॅबवर परीक्षा असल्यामुळे शनिवारपर्यंत सर्व टॅबमधील विद्यार्थ्यांचे काम डिलीट केले जाईल. ज्यांना हवे असेल त्यांनी त्याआधी काढून घ्यावे. सहकार्य अपेक्षित."

वाचताना काही चुकीचं वाटत नाही ना? मलाही नाही वाटलं, ग्रुपवर अंगठा टाकून मी पुढे गेलो. पण पालकांच्या बाजूने वाचा. डिलीट कोण करणार, शाळा की मूल? 'काम' म्हणजे कुठलं, माटोळीचं की वर्षभराचं? 'काढून घ्यावे' म्हणजे कसं, टॅब तर शाळेच्या कपाटात कुलपात आहे. आणि ज्याची प्रत्येक पालकाला सगळ्यात आधी काळजी वाटते, मार्क, त्याबद्दल एक अक्षर नाही. रात्री नऊपर्यंत ग्रुपवर "टीचर मार्कं कट होणार का?" असं विचारणारे मेसेज सुरू झाले, एकाने विचारलं की मग परत फळं आणून फोटो काढायचे का, आता कुठली कवंडळं मिळणार, एका आईने लिहिलं की आमच्या सासूबाईंचा आवाज त्यात आहे तो आम्हाला पाहिजे, आणि तिच्या खाली "आम्हाला पण", "आम्हाला पण" अशी रांग.

खरी गडबड शुक्रवारी झाली. एका मुलाला घरून सांगितलं गेलं असणार की तुझं काम डिलीट करून ये, टीचरनी सांगितलंय. पोरगा शहाणा, मधल्या सुट्टीत टॅब घेतला, गूगल फोटोज उघडलं, ऑगस्टचे फोटो दिसले, तारखेच्या बाजूच्या गोलावर टिक करत गेला आणि कचऱ्याचं चिन्ह दाबलं. अ‍ॅपने विचारलं असणार की हे अकाउंटवरून आणि सिंक असलेल्या डिव्हाइसवरून जाईल, चालेल का. सातवीतला मुलगा अशा चौकटीत काय वाचणार, त्याने दाबलं ओके. त्याच्या ग्रुपचं तर गेलंच, पण अकाउंट एक असल्यामुळे त्या महिन्यातले बाकी अकरा ग्रुपांचेही फोटो अकाउंटवरून गेले. मग त्याने व्हॉइस रेकॉर्डर उघडला आणि तिथलंही रिकामं केलं. तिथे दुसऱ्यांचं काही नव्हतं, फक्त त्याच्या ग्रुपचं एक रेकॉर्डिंग होतं.

शनिवारी सकाळी दुसऱ्या ग्रुपची मुलं ओरडत आली की टॅब बिघडला, आमचे फोटो गेले. दुसरा टॅब उघडला, तिथेही नाहीत. तिसरा, तिथेही नाहीत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाच टॅबवर काही दिसत नसेल तर तो त्या टॅबचा प्रॉब्लेम, पण सगळ्या टॅबवर तेच आणि तेवढंच गायब असेल तर ते अकाउंटवरून गेलंय, टॅब रिसेट करत बसण्यात अर्थ नाही. म्हणून मी आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तेच अकाउंट उघडून फोटोजच्या Trash मध्ये गेलो आणि होते सगळे. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. सिलेक्ट करून Restore दाबलं, थोड्या वेळात सगळ्या टॅबवर परत आले.

मधे अजून एक खड्डा होता त्यात कोणी पडलं नाही हे नशीबच म्हणायचं. अकाउंटवरून फोटो गेला तरी ज्या टॅबवर तो काढलेला असतो तिथे DCIM/Camera मध्ये मूळ फाईल बरेचदा राहते, आणि मग त्या टॅबवर फोटोज अ‍ॅप Review out-of-sync changes असं काहीतरी विचारतं, म्हणजे दुसरीकडे डिलीट झालंय तर इथलंही काढू का. तिथे घाईत होय म्हटलं की मूळ फाईलही ट्रॅशमध्ये. म्हणून शनिवारी मी सगळे टॅब गोळा केले, वाय-फाय बंद केला आणि मुलांना सांगितलं आता कोणी काहीही उघडायचं नाही. थोडं ओरडूनच सांगितलं.

रेकॉर्डिंग मात्र परत आलं नाही. त्या टॅबवरच्या रेकॉर्डरला स्वतःचा ट्रॅश नव्हता आणि क्लाउडवर तर ते कधी गेलंच नव्हतं. मार्कांचं नुकसान झालं नाही कारण टीचरनी सगळी रेकॉर्डिंगं ऐकून रजिस्टरात मार्क आधीच भरले होते, पण त्या आजीचं बोलणं गेलं ते गेलं. फाईलच्या आकाराने बघायला गेलं तर सगळ्यात लहान गोष्ट होती ती, आणि तीच अशी एकमेव होती जिची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

आता कोणी म्हणेल की मग रिकामे करताच कशाला, असू देत की काम. नाही चालत, आणि कारण फक्त जागा भरते एवढंच नाही. मुलं फळ्याचे फोटो काढतात, वहीच्या पानांचे काढतात, उत्तरांसकट, ते गॅलरीत पेपरच्या वेळी एका स्वाइपवर असतात. कॅल्क्युलेटर अ‍ॅप जुनी गणितं हिस्टरीत ठेवतं, आधीच्या बॅचने केलेली सगळी पुढच्या बॅचला दिसतात. कीबोर्ड शिकलेले शब्द सुचवतो, म्हणजे स्पेलिंग विचारलं तर दोन अक्षरांवर उत्तर हजर. आणि सगळ्यात बेकार गोष्ट फॉर्मची. गूगल फॉर्म लॉगिन असलेल्या अकाउंटवर अर्धवट भरलेली उत्तरं ड्राफ्ट म्हणून ३० दिवस ठेवतो, आणि तो ड्राफ्ट टॅबला नाही, अकाउंटला चिकटलेला असतो. बारा टॅबवर एकच अकाउंट असेल तर एकाने भरलेलं दुसऱ्याच्या स्क्रीनवर येऊ शकतं, पहिल्या बॅचमधल्या कोणी सबमिट न करता टॅब ठेवला तर दुसऱ्या बॅचच्या पोराला अर्धा पेपर सोडवलेला मिळतो. म्हणून फॉर्मच्या सेटिंगमध्ये ऑटोसेव्ह सगळ्यांसाठी बंद करायचं, आणि त्याहून बरं म्हणजे परीक्षेच्या काळात टॅबवर ते अकाउंटच ठेवायचं नाही.

आणि अकाउंट काढायचं ठरलं की डिलीटचा अर्धा धोका आपोआप जातो, हे मला त्या शनिवारी मुलांचे टॅब कपाटात मोजून ठेवताना सुचलं. आधी टॅबवरून अकाउंट रिमूव्ह करायचं, मग टॅबमधले फोटो डिलीट करायचे. अकाउंटच नाही तर ते डिलीट क्लाउडपर्यंत पोचणार कसं? क्रम उलटा केला, म्हणजे लॉगिन असताना डिलीट, की शुक्रवारचाच प्रकार पुन्हा, फक्त या वेळी मोठ्या माणसाच्या हातून.

काहीजण सरळ फॅक्टरी रिसेट सुचवतात. मी त्याच्या विरोधात आहे, निदान परीक्षेच्या आठवड्यात तरी. बारा टॅबवर सगळी अ‍ॅप्स, मराठी कीबोर्ड, सेटिंग्ज परत टाकायची म्हणजे आमच्याकडच्या नेटवर दिवस जातो, आणि मधेच लाइट गेली तर बघायलाच नको. शिवाय कोणी बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट मारला तर टॅब चालू होताना आधीचं गूगल अकाउंट मागतो, चोरीसाठी ठेवलेलं लॉक आहे ते, आणि टॅब देणाऱ्याने सुरुवातीला स्वतःचं अकाउंट टाकलेलं असेल आणि ते तसंच राहिलं असेल तर त्याला शोधत फिरा. रिसेट वर्षाच्या शेवटी, सुट्टीत, निवांत.

आता चिठ्ठी. शनिवारी दुपारी टीचर आणि मी बसून दुसरी लिहिली. टीचरचं म्हणणं होतं मोठी झाली तर कोणी वाचणार नाही, माझं म्हणणं होतं की पहिली छोटी होती म्हणून तर सगळ्यांनी आपापल्या मनाने वाचली. शेवटी टीचरनी एक चांगली अट घातली की तिच्यात एकही शब्द असा नको जो त्यांच्या आईला दुसऱ्या कोणाला विचारावा लागेल, म्हणजे सिंक नको, बॅकअप नको, अकाउंट नको. परीक्षाही गुरुवारवर ढकलली, मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात पेपर अदलाबदल करून दिला. ग्रुपवर टाकली आणि सोमवारी प्रत्येक मुलाच्या डायरीत कागदावर चिकटवलीही, कारण तीन-चार घरांत बटणांचाच फोन आहे.

"सातवीच्या पालकांना नमस्कार.

गुरुवारी मुलांचा एक पेपर वर्गातल्या टॅबवर आहे. एक टॅब तीन मुलं वापरतात, त्यामुळे एकाने आधी ठेवलेले फोटो किंवा उत्तरं दुसऱ्याला पेपरच्या वेळी दिसू नयेत म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर मी आणि कॉम्प्युटरचे सर सगळे टॅब रिकामे करणार आहोत.

माटोळीच्या प्रोजेक्टचे मार्क रजिस्टरमध्ये भरून झाले आहेत. टॅब रिकामे केल्याने कोणाचेही मार्क कमी होणार नाहीत. मुलांना काहीही परत करायला लागणार नाही.

मुलांनी टॅबमधलं काहीही स्वतः डिलीट करायचं नाही. घरी हे नक्की सांगा. शुक्रवारी काही फोटो चुकून गेले होते, ते परत मिळाले आहेत. ज्याच्याकडून झालं त्याला कोणी काही बोलू नये, माझ्या आधीच्या मेसेजवरून त्याला तसं वाटणं साहजिक होतं.

तुम्हाला काय मिळेल: तुमच्या मुलाच्या ग्रुपचे फळांचे फोटो, चित्र, लिहिलेली माहिती आणि आजींचं रेकॉर्डिंग. हे मी मंगळवारपर्यंत तुमच्या स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेन, ग्रुपवर नाही, कारण काही फोटोंत दुसऱ्यांची मुलं आणि घरची माणसं आहेत. मिळालेले फोटो तुम्हीही ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका.

तुम्ही काय करायचं: मिळालं की उघडून बघा आणि बुधवारी दुपारी १२ पर्यंत मला फक्त 'मिळालं' असं लिहा. काही कमी असेल तर काय कमी आहे ते लिहा. उत्तर आलं नाही तर मी फोन करेन.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी डायरीत सही करून पाठवा, फोटोंची आणि माहितीची प्रिंट मुलाकडे देऊ. रेकॉर्डिंग ऐकायला मंगळवारी किंवा बुधवारी शाळा सुटल्यावर या.

शाळेच्या कॉम्प्युटरवर याची एक कॉपी रिझल्ट लागेपर्यंत राहील. त्यानंतर तीही काढून टाकू.

– वर्गशिक्षिका, सातवी"

'ज्याच्याकडून झालं त्याला' ही ओळ टीचरची. मी म्हटलं होतं नको, विषय वाढेल. पण त्या मुलाच्या वडिलांचा शनिवारी फोन आला होता, पोरगा शाळेत यायला तयार नव्हता, आणि ग्रुपवर दोघा-तिघांनी "कोणी केलं?" असं विचारून झालं होतं. त्या ओळीनंतर ते थांबलं.

रविवारी आणि सोमवारी आम्ही कॉपी काढल्या. टॅब यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, टॅबवर येणाऱ्या नोटिफिकेशनमध्ये File transfer निवडायचं, नाहीतर नुसता चार्ज होत राहतो आणि कॉम्प्युटरवर रिकामा फोल्डर दिसतो आणि माणूस म्हणतो अरे फोटोच नाहीत. ग्रुपच्या नंबराने फोल्डर. पण कुठला फोटो कोणाचा? फाईलचं नाव असं असतं:

```
IMG_20250821_104512.jpg
```

यात मुलाचं नाव कुठे आहे, फक्त तारीख आणि वेळ, म्हणजे २१ ऑगस्ट, सकाळचे १० वाजून ४५ मिनिटं. आम्ही वर्गाचं टाइमटेबल बाजूला ठेवून कुठल्या तासाला कुठल्या ग्रुपकडे टॅब होता त्यावरून लावत गेलो, आणि तरी काही फोटो उरलेच, एक कवंडळ दुसऱ्या कवंडळासारखंच दिसतं. ते उरलेले मुलांनाच दाखवले, त्यांनी टेबलाच्या रंगावरून आणि मागे दिसणाऱ्या दप्तरांवरून पटापट ओळखले. आता आम्ही एक सवय लावलीय, काम सुरू करायच्या आधी ग्रुपने नाव, ग्रुप नंबर आणि तारीख लिहिलेल्या कागदाचा एक फोटो काढायचा. त्याच्यापुढचे सगळे फोटो त्यांचे, पुढच्या कागदापर्यंत. फुकटात काम होतं, अ‍ॅप नको काही नको.

चित्रांना सगळ्यात जास्त वेळ लागला कारण ती एकेक उघडून एक्स्पोर्ट करावी लागली. डॉक्सची पीडीएफ करून घेतली. पालकांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले, फोटो म्हणून पाठवले की ते बारीक करून टाकतं आणि फळावरची लिहिलेली पट्टी वाचता येत नाही.

मंगळवारी रात्रीपर्यंत बऱ्याच जणांचं 'मिळालं' आलं, काहींचं 'देव बरें करूं टीचर' आलं, तेही धरलं. पाच घरांकडून काहीच नाही, त्यांना टीचरनी बुधवारी सकाळी फोन केले. त्यात दोघांनी मेसेज उघडलाच नव्हता, एकीचा नंबर बदलला होता आणि ते सगळं कोणा दुसऱ्याच माणसाला गेलं होतं! त्याला सांगून डिलीट करायला लावलं, त्याने केलं असं तो म्हणाला. मुलांचे फोटो पाठवायच्या आधी नंबर एकदा पडताळून घ्यायचा हे चिठ्ठीत नाही, पण टीचरच्या वहीत आहे आता.

त्या ग्रुपचं हरवलेलं रेकॉर्डिंग पण मिळालं, म्हणजे जुनं नाही, आजी परत आल्या मंगळवारी दुपारी. या वेळी त्यांनी आधीपेक्षा जास्त सांगितलं म्हणे, मुलांनाही काय विचारायचं ते माहीत होतं. संपल्यावर ती फाईल लगेच, त्यांच्यासमोरच, कॉम्प्युटरवर घेतली.

बुधवारी रिकामं करताना क्रम असा ठेवला. टॅबवरून अकाउंट काढलं. मग DCIM/Camera, स्क्रीनशॉट, डाउनलोड आणि रेकॉर्डिंगचे फोल्डर रिकामे केले. ड्रॉइंग अ‍ॅपचं सेटिंगमध्ये जाऊन Clear storage, नुसतं Clear cache केलं तर चित्रं तिथेच राहतात, बरेच लोक तिथे फसतात. मग ब्राउझरची हिस्टरी, कॅल्क्युलेटरची हिस्टरी, कीबोर्डचे शिकलेले शब्द. आणि शेवटी फाइल्स अ‍ॅपचा ट्रॅश, कारण तिथे टाकलेलं ३० दिवस पडून असतं आणि सातवीतल्या मुलाला ट्रॅश उघडता येत नाही असं ज्याला वाटतं त्याने सातवीला शिकवलेलं नाही.

झालं की नाही ते कसं कळणार? मी आठवीतल्या दोघांना बोलावलं, टॅबवर ज्यांचा हात सगळ्यात जास्त चालतो अशा, आणि सांगितलं यात सातवीचं काहीही शोधून दाखवा. दहाव्या मिनिटाला एकाने कीबोर्डचा क्लिपबोर्ड उघडून दाखवला. त्यात कोणीतरी विज्ञानाच्या पाच व्याख्या पिन करून ठेवल्या होत्या. कॉपी केलेलं एरवी तासाभरात जातं पण पिन केलेलं जात नाही. बाराही टॅबवर तपासलं, आणखी दोन टॅबवर सापडल्या. आमच्या डोक्यातही नव्हतं ते, आता यादीत आहे.

गुरुवारी पेपर फॉर्मवर झाला, अकाउंटशिवाय, नाव आणि रोल नंबर टाकून, ऑटोसेव्ह बंद, आणि मधेच दुसरं काही उघडता येऊ नये म्हणून अ‍ॅप पिन करून. अकाउंटशिवायची एक अडचण आहे ती सांगायला हवी: पेज चुकून रिफ्रेश झालं की भरलेली उत्तरं जातात, परत भरावी लागतात. दुसऱ्या बॅचमध्ये एका मुलीचं गेलं, तिला वेळ वाढवून दिला. ड्राफ्ट दुसऱ्याला दिसण्यापेक्षा हे परवडतं असं माझं मत, टीचरना अजून पटलेलं नाही, त्या म्हणतात प्रत्येक मुलाला स्वतःचं अकाउंट हाच उपाय आणि त्याबद्दल त्यांनी पालक शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये विषय मांडलाय.

रिझल्टनंतर कॉम्प्युटरवरची कॉपी काढायची होती. बारापैकी अकरा ग्रुपांची काढली. एका आजीच्या घरच्यांनी लिहून दिलं की आवाज शाळेच्या लायब्ररीत राहू दे, तो एक ठेवलाय, बाकी ग्रुपच्या मुलांचे फोटो त्याच्यातून वेगळे करून. पेपर संपल्यावर वर्गाचं अकाउंट टॅबवर परत टाकलं, पण फोटोजचा बॅकअप बंद ठेवून, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी केबलने कॉपी घ्यायचं ठरलंय. दुसऱ्या सत्रासाठी टीचर हीच चिठ्ठी वापरणार आहेत, तारखा बदलून, शुक्रवारची ओळ काढून, आणि वर एक नवीन ओळ घालून की तुमचा नंबर बदलला असेल तर आधी कळवा.